तळघरातील धूर आणि बारा हवाबदलांचा हिशेब

बेसमेंट पार्किंगच्या वायुवीजनाचा आराखडा आपल्याकडे बहुधा दोनच आकड्यांवर उभा असतो: रोजच्या वापरासाठी तासाला सहा हवाबदल आणि आग लागल्यास बारा. राष्ट्रीय इमारत संहितेच्या २०१६च्या आवृत्तीत हे आकडे आहेत, आणि महाराष्ट्रात अग्निशमन विभागाचा ना-हरकत दाखला देताना याच संहितेचा आधार घेतला जातो. त्यामुळे सल्लागाराच्या अहवालात ‘बारा हवाबदल दिले आहेत’ असे एक वाक्य आले की काम झाले असे समजण्याची सवय पडली आहे. प्रत्यक्षात त्या वाक्यातून एवढेच कळते की तासाभरात तळघराच्या घनफळाच्या बारापट हवा पंख्यांनी बाहेर टाकायची आहे. ती हवा कुठून येणार, कोणत्या वाटेने जाणार, वाटेत तिला किती अडथळा होणार आणि आग किती मोठी असणार, यांची उत्तरे त्या वाक्यात नसतात. आराखडा तपासणाऱ्याला शोधायची असतात ती हीच.

उदाहरणासाठी शहरी गृहसंकुलात सर्रास आढळणारे एकमजली बेसमेंट घेऊ. लांबी ६० मीटर, रुंदी ४० मीटर, जमिनीपासून स्लॅबच्या तळापर्यंत उंची ३.६ मीटर. स्प्रिंकलर आहेत, एक रॅम्प आहे, दोन जिने आहेत. क्षेत्रफळ २,४०० चौरस मीटर, म्हणजे पार्किंगच्या बेसमेंटसाठी संहितेने घालून दिलेल्या ३,००० चौरस मीटरच्या कप्प्यात बसणारे. घनफळ ८,६४० घनमीटर. बारा हवाबदलांसाठी तासाला १,०३,६८० घनमीटर, म्हणजे सेकंदाला २८.८ घनमीटर हवा खेचावी लागते. साइटवरच्या भाषेत सुमारे ६१ हजार सीएफएम. रोजच्या वापरासाठी याच्या निम्मी, १४.४ घनमीटर.

पहिली चूक इथेच, उंची धरताना होते. काही आराखड्यांत स्लॅबच्या तळाऐवजी बीमच्या किंवा डक्टच्या खालची उंची धरलेली आढळते. ती २.७५ मीटर धरली तर घनफळ ६,६०० घनमीटर भरते आणि बारा हवाबदल सेकंदाला २२ घनमीटरमध्येच ‘पूर्ण’ होतात. पंखा लहान लागतो, शाफ्ट लहान लागतो, अहवालात मात्र तेच बारा हवाबदल दिसतात. धूर आधी भरतो तो बीमच्या मधल्या जागेत, म्हणजे नेमका हिशेबातून वगळलेल्या भागात. हा २८.८ घनमीटरांपैकी सुमारे सात घनमीटरांचा फरक कागदावर किरकोळ वाटतो. आगीचा हिशेब मांडला की त्याचे वजन कळते.

तो हिशेबच बहुतेक अहवालांत नसतो. हवाबदलांची संख्या ही अनुभवावरून ठरवलेली ढोबळ मोजपट्टी आहे. गाडी पेटली तर किती धूर तयार होईल याचे उत्तर तिच्यात नाही. त्यासाठी आगीचे आकारमान गृहीत धरावे लागते. ब्रिटिश मानक बीएस ७३४६, भाग ७ यात त्याचे दोन ठोकताळे दिले आहेत. स्प्रिंकलर असलेल्या पार्किंगमध्ये एक गाडी जळते, आगीचा परीघ १४ मीटर आणि उष्णता ४ मेगावॅट. स्प्रिंकलर नसतील तर दोन गाड्या, परीघ २० मीटर आणि ८ मेगावॅट. आगीच्या ज्वाळा भोवतालची थंड हवा ओढून घेतात आणि त्या मिश्रणाचाच धूर होतो, म्हणून धुराचे प्रमाण मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते: आगीचा परीघ आणि धुराच्या थराखाली किती उंचीपर्यंत स्वच्छ हवा राखायची आहे. माणसाला न वाकता बाहेर पडता यावे म्हणून ही उंची २ मीटर धरली, तर प्रचलित सूत्राने एका गाडीच्या आगीतून सेकंदाला साधारण साडेसात किलो धूर निघतो. तो तापून फुगलेला असतो, त्यामुळे त्याचे आकारमान सेकंदाला १५ घनमीटरच्या घरात जाते. दोन गाड्यांच्या आगीत हेच प्रमाण साडेदहा किलो आणि सुमारे २६ घनमीटर होते.

आता आधीचे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. पूर्ण उंची धरून काढलेला २८.८ घनमीटरचा पंखा दोन गाड्यांची आग जेमतेम पेलतो. बीमखालची उंची धरून काढलेला २२ घनमीटरचा पंखा एका गाडीच्या आगीत पुरतो, पण दुसरी गाडी पेटली की मागे पडतो, आणि धुराचा थर दोन मीटरच्या खाली उतरू लागतो. हा हिशेब ढोबळच आहे. सूत्र धरते तसा सलग, सपाट थर बीमनी चिरलेल्या छताखाली तयार होत नाही, आणि पंख्यांची तोंडे तळघरभर विखुरलेली असली तर आगीपासून दूरची तोंडे धुराऐवजी स्वच्छ हवाच ओढत राहतात. तरीही हे एक पान अहवालात असलेच पाहिजे. ते नसेल तर बारा हवाबदल कोणत्या आगीला पुरतील हे आराखडा करणाऱ्यालाही माहीत नाही, असाच त्याचा अर्थ निघतो.

एकच गाडी जळेल हे गृहीतक सध्याच्या पार्किंगमध्ये किती टिकते, हा प्रश्न त्याहून अवघड आहे. ३१ डिसेंबर २०१७ रोजी इंग्लंडमधील लिव्हरपूलच्या बहुमजली पार्किंगमध्ये एका गाडीला लागलेली आग पसरत गेली आणि हजाराहून अधिक गाड्या जळाल्या. ती इमारत बाजूंनी उघडी होती आणि तिथे स्प्रिंकलर नव्हते. १ ऑगस्ट २०२४ रोजी दक्षिण कोरियातील इंचॉन शहरात निवासी संकुलाच्या भूमिगत पार्किंगमध्ये एका विद्युत मोटारीने पेट घेतला. तिथे स्प्रिंकलर होते, पण आगीच्या वेळी ते चाललेच नाहीत, कारण यंत्रणा बंद करण्यात आली होती. ऐंशीहून अधिक गाड्या जळाल्या आणि आग आटोक्यात यायला आठ तासांच्या आसपास लागले. म्हणजे ‘स्प्रिंकलर आहेत, म्हणून ४ मेगावॅट’ हे गृहीतक स्प्रिंकलर चालू राहण्यावर अवलंबून आहे.

मुंबई-पुण्यात यात आणखी एक भर पडते ती स्टॅक पार्किंगची. एका गाडीच्या डोक्यावर दुसरी गाडी लोखंडी पाटावर उभी असते. खालची गाडी पेटली तर छतावरच्या स्प्रिंकलरचे पाणी वरच्या पाटावर आणि वरच्या गाडीच्या टपावर पडते, आगीपर्यंत पोचत नाही. वरची गाडी थेट ज्वाळांत असते. अशा ठिकाणी एका गाडीची आग धरणे बरोबर नाही. निदान दोन गाड्यांची धरली पाहिजे आणि दोन्ही पातळ्यांना वेगवेगळे स्प्रिंकलर आहेत का, हे ड्रॉइंगवर पाहिले पाहिजे. वास्तुविशारदाच्या नकाशात स्टॅक पार्किंग असते आणि वायुवीजनाच्या अहवालात साधे, असे पुष्कळदा घडते, कारण पार्किंगची संख्या वाढवण्याचा निर्णय मागाहून होतो आणि वायुवीजनाचा अहवाल जुनाच राहतो.

पंख्याने हवा बाहेर टाकायची तर तेवढीच हवा आत आली पाहिजे. ही गोष्ट इतकी उघड आहे की तिचा हिशेब करायचे राहून जाते. घेतलेल्या उदाहरणात सल्लागाराने ‘रॅम्प व शाफ्टमधून नैसर्गिक पुरवठा’ असे लिहिले आहे असे समजू. रॅम्पचे तोंड ६ मीटर रुंद आणि २.४ मीटर उंच, म्हणजे १४.४ चौरस मीटर. सारी हवा तिथून आली तर वेग सेकंदाला २ मीटर होतो. ब्रिटिश मानक सुटकेच्या वाटांवर आणि रॅम्पवर ५ मीटरची मर्यादा सांगते, त्या मानाने हा वेग ठीक आहे. पण रॅम्पच्या तोंडाशी रोलिंग शटर आहे, आणि सोसायटीचा रखवालदार रात्री ते खाली ओढतो. आग रात्री दोनला लागली तर उरतो फक्त शाफ्ट. ड्रॉइंगवर तो ३.६ चौरस मीटरचा दिसतो, पण त्याच्या तोंडावर पावसाचे पाणी अडवणारी लूव्हरची जाळी आहे. अशा जाळीत हवेला मोकळी जागा साधारण निम्मीच मिळते, म्हणजे १.८ चौरस मीटर. त्यातून सेकंदाला २८.८ घनमीटर हवा यायची तर वेग १६ मीटर लागेल. एवढी हवा तिथून येणारच नाही. पंखे फिरतील, पॅनेलवर हिरवा दिवा लागेल, आणि हवेचा प्रवाह अपेक्षेपेक्षा कितीतरी कमी राहील.

याचा परिणाम धुराइतकाच दारांवर होतो. आत येणारी हवा कमी पडली की तळघरातला दाब बाहेरच्यापेक्षा उतरतो. समजा तो ६० पास्कलने उतरला. दुसरीकडे जिन्यात धूर शिरू नये म्हणून जिन्याचे प्रेशरायझेशन केलेले असते. तिथे बाहेरच्यापेक्षा ५० पास्कल जास्त दाब राखला जातो. मधे लॉबी नसेल तर तळघर आणि जिना यांच्यातल्या दारावर एकूण ११० पास्कलचा फरक येतो. दार एक मीटर रुंद आणि २.१ मीटर उंच, म्हणजे त्यावर २३१ न्यूटन बल. मूठ दाराच्या कडेला असल्याने हाताला त्यातले निम्मे, सुमारे ११५ न्यूटन जाणवते, आणि दार आपोआप मिटवणाऱ्या क्लोजरचे ४०-५० न्यूटन वर. सुटकेच्या दिशेने, म्हणजे जिन्याकडे उघडणारे हे दार जिन्यातली हवा उलट दाबून बंद धरते. ते ढकलायला सोळा किलोच्या आसपास जोर लागेल. अमेरिकी मानकांत ही मर्यादा १३३ न्यूटन, म्हणजे साडेतेरा किलो आहे आणि युरोपात १०० न्यूटन. धूर डोळ्यांत जात असताना म्हाताऱ्या माणसाला किंवा लहान मुलाला ते दार उघडणे कठीण आहे.

इथे दोष कुणा एका ड्रॉइंगमध्ये सापडत नाही. तळघराचा एक्झॉस्ट एका पानावर असतो, जिन्याचे प्रेशरायझेशन दुसऱ्या पानावर, आणि दोन्ही पाने आपापल्या जागी नियमानुसार असतात. दोन्ही यंत्रणा एकाच वेळी चालू असतानाचा दाबाचा हिशेब कुणाच्याच वाट्याला येत नाही. तपासणीत तो वेगळा मागून घ्यावा लागतो. शटरचा प्रश्नही तिथेच सुटतो: आगीचा इशारा मिळताच शटर आपोआप वर जाईल आणि वीज गेली तरी वर जाईल अशी जोडणी करायची, किंवा शटरऐवजी उघड्या गजांचे फाटक लावायचे. शाफ्टमध्ये पुरवठ्याचा पंखा बसवणे हाही उपाय आहे, पण तो एक्झॉस्टपेक्षा थोडी कमीच हवा आत टाकणारा हवा, नाहीतर तळघरातला धूर जिन्यात आणि लिफ्टच्या पोकळीत ढकलला जातो.

पंख्याच्या निवडीत राहून जाणारा हिशेब दाबाचा आहे. अहवालाच्या तक्त्यात ‘स्टॅटिक प्रेशर ३५ मिमी’ असा आकडा असतो, आणि तो कुठून आला हे क्वचितच दिलेले असते. पुष्कळदा तो मागच्या प्रकल्पातून उचललेला असतो. खरे तर सर्वांत लांबच्या जाळीपासून छताच्या वरच्या लूव्हरपर्यंत डक्टचे प्रत्येक वळण, प्रत्येक डॅम्पर, आवाज कमी करणारा सायलेन्सर आणि शाफ्टची खडबडीत भिंत, या सगळ्यांतला दाबाचा तोटा मिळवून तो आकडा यायला हवा. प्रवाह दुप्पट झाला की हा तोटा चौपट होतो, म्हणून बाराच्या हिशेबात झालेली छोटी चूक सहाच्या हिशेबात लक्षातही येत नाही. रोजच्या वापरात सगळे सुरळीत चालते आणि उणीव आगीच्या दिवशीच उघडी पडते.

उदाहरणातल्या आराखड्यात प्रत्येकी १४.४ घनमीटरचे दोन पंखे आहेत: रोज एक चालवायचा, आगीत दोन्ही. ही रचना चांगली आहे, कारण एक बंद पडला तरी निम्मी क्षमता हाताशी राहते. मात्र दोन गोष्टी पाहाव्या लागतात. दोन्ही पंखे एकाच शाफ्टमध्ये हवा सोडत असतील आणि बंद पंख्यावर उलट प्रवाह रोखणारा डॅम्पर नसेल, तर चालू पंख्याने बाहेर टाकलेली हवा बंद पंख्यातून पुन्हा तळघरात उतरते. आणि पंखे तळघराच्या दोन टोकांना असतील, तर रोज एकच चालल्याने दुसऱ्या टोकाला धूर-वायू साचून राहतो. तिथे उभ्या असलेल्यांना पेट्रोलचा वास येतो, पण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. ब्रिटनच्या नियमांत पार्किंगमध्ये आठ तासांची सरासरी ३० पीपीएम आणि रॅम्पजवळ, जिथे गाड्या इंजिन चालू ठेवून रांगेत थांबतात, तिथे पंधरा मिनिटांपुरती ९० पीपीएमची मर्यादा आहे. संध्याकाळच्या गर्दीत ती पाळली जाते का, याचा हिशेबही सहसा ‘सहा हवाबदल’ या शब्दांखाली झाकला जातो.

संहितेनुसार एक्झॉस्ट पंखे २५० अंश सेल्सिअसच्या धुरात दोन तास चालले पाहिजेत. वरच्या हिशेबात आगीलगत धुराचे तापमान ४०० अंशांच्या वर जाते. पंख्यापर्यंत पोचेतो थंड हवा मिसळून तो निवतो हे बरेचदा खरे असते, पण पंखा किंवा जाळी थेट गाड्यांच्या डोक्यावर असेल तर ते गृहीत धरता येत नाही. शिवाय तापलेला धूर विरळ असतो. २५० अंशांना त्याची घनता साध्या हवेच्या साधारण ५६ टक्केच उरते. पंखा तेवढेच घनमीटर फेकतो, पण वस्तुमानाने कमी, आणि त्याचा दाबही त्याच प्रमाणात घटतो. पंख्याला रेटिंग असले आणि त्याला जोडणारी केबल साधी असली तर त्या रेटिंगचा उपयोग नाही. केबल कोणती, ती कोणत्या मार्गाने जाते, जनरेटरवर आहे का, हे ड्रॉइंगवर पंख्याइतकेच ठळक असले पाहिजे.

डक्टमुळे उंची कमी होते म्हणून हल्ली जेट फॅन सुचवले जातात. छताला टांगलेला हा लहान पंखा जोराचा झोत सोडून हवा एक्झॉस्टच्या दिशेला ढकलतो. ५० न्यूटनचा एक जेट फॅन सेकंदाला दीड-दोन घनमीटर हवा फेकतो आणि त्याचा झोत याच्या कितीतरी पट हवा सोबत ओढतो. असे दहा पंखे लावले की सारी हालचाल मिळून एक्झॉस्टच्या २८.८ घनमीटरच्या पुढे सहज जाते. एक्झॉस्टला घेता येते त्याहून जास्त हवा त्याच्या दिशेने आली की उरलेली परत फिरते आणि धूर सगळ्या तळघरात ढवळला जातो. म्हणून जेट फॅन जास्त लावणे फायद्याचे नसते. त्यांची संख्या एक्झॉस्टच्या क्षमतेशी जुळवावी लागते, आणि माणसे बाहेर पडेपर्यंत ते बंद ठेवायचे की लगेच सुरू करायचे, हेही लिहून ठरवावे लागते.

अशा आराखड्यासोबत संगणकीय प्रवाह-विश्लेषणाचा, सीएफडीचा, रंगीत चित्रांनी भरलेला अहवाल येतो. तपासणाऱ्याने चित्रांआधी गृहीतकांचे पान उघडावे. आग किती मेगावॅटची धरली आणि ती किती वेळात वाढली? छताचे ६०० मिलीमीटर खोल बीम प्रतिमानात आहेत की छत सपाट धरले आहे? सपाट छताला चिकटून झोत लांबवर जातो, खोल बीम आला की तिथेच खाली वळतो. त्यामुळे बीम वगळले तर निकाल नेमका चुकीच्या बाजूने चांगला दिसतो. रॅम्पचे शटर उघडे की बंद? एक पंखा बंद पडल्याची स्थिती तपासली आहे का? या प्रश्नांची उत्तरे नसतील तर तो अहवाल आराखड्याचा पुरावा म्हणून धरता येत नाही.

काम पूर्ण झाल्यावरची चाचणीही याच हिशेबांशी जोडलेली असावी लागते. धूरकांडी पेटवून धूर जाताना दाखवणे सोपे असते, पण थंड धूर तापलेल्या धुरासारखा छताला जाऊन भिडत नाही, त्यामुळे त्यावरून प्रवाहाची दिशा आणि साचलेले कोपरे तेवढे कळतात. बाकी सगळे मोजावे लागते. दोन्ही पंखे चालू, शटर रात्रीच्या स्थितीत आणि जिन्याचे प्रेशरायझेशन चालू, अशा अवस्थेत अॅनिमोमीटरने प्रत्येक जाळीवरचा वेग नोंदवून एकूण प्रवाह २८.८ घनमीटरशी ताडायचा. त्याच वेळी जिन्याच्या प्रत्येक दाराच्या मुठीला काटा लावून ते उघडायला किती जोर लागतो हे पाहायचे. मग वीज तोडून जनरेटरवर तेच सगळे पुन्हा. एखाद्या जाळीवर प्रवाह कमी आला तर आधी डॅम्पर अर्धवट मिटलेला आहे का ते पाहिले जाते, मग शाफ्टमध्ये बांधकामाचा राडारोडा उरला आहे का, आणि त्यानंतर पंख्याच्या दाबाचा तो मूळ आकडा पुन्हा काढला जातो.